शिक्का पोहोचेचा, भरवसा चारित्र्याचा

सोसायटीत चोरी झाली की पुढच्या सभेत काय बोललं जाणार हे ठरलेलं असतं. एक गट म्हणतो, पोलीस व्हेरिफिकेशन झाल्याशिवाय कुठल्याही भाडेकरूला चावी द्यायची नाही आणि कामवाल्या बाईंना गेटचा पास द्यायचा नाही. दुसरा गट म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, एजंटला कमाई आणि गरिबाला हेलपाटे, यापलीकडे त्यातून काही निघत नाही. तासभर आवाज चढतात आणि शेवटी पहिल्या गटाचा ठराव मंजूर होतो, कारण ‘सुरक्षितता’ या शब्दाविरुद्ध हात वर करायला कुणी धजावत नाही. या भांडणात गंमत अशी की दोन्ही गटांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते. व्हेरिफिकेशन म्हणजे माणूस भला की बुरा याचा पोलिसांनी दिलेला निकाल, असं दोघांनाही वाटतं. एकाला तो निकाल विश्वासार्ह वाटतो आणि दुसऱ्याला बोगस. प्रत्यक्षात निकाल लागलेलाच नसतो. पोलीस ठाण्यात होते ती नोंद, आणि फार तर त्या नोंदीतल्या नावाचा दप्तरात घेतलेला शोध. नोंद उपयोगी आहे, ती करावीच. पण तिला चारित्र्याचा दाखला समजून दार उघडणं, किंवा त्याच कारणासाठी दार लावून घेणं, दोन्ही चुकीचं आहे.

आधी कायद्याचं मूळ पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. मुंबई किंवा पुण्यात घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी असं सांगतो तो पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. जमावबंदीचं कलम ते हेच. तातडीचा धोका टाळण्यासाठी असल्यामुळे असा आदेश एरवी दोन महिन्यांहून जास्त टिकत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. तातडीच्या कलमावर कायमची नोंदवही चालवणं ही आपल्याकडची खास तऱ्हा, पण तो वेगळा विषय. इथे महत्त्वाचं एवढंच की आदेश माहिती द्या म्हणतो आणि ती जबाबदारी मालकावर टाकतो. मोडला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. साध्या अवज्ञेला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जीविताला धोका झाला असेल तर शिक्षा वाढते. ‘पोलिसांनी भाडेकरूला पसंती दिल्याशिवाय घर देऊ नका’ असा त्याचा अर्थ नाही. सोसायट्या मागतात ती ‘पोलीस एनओसी’ या आदेशातून निघत नाही.

आता हातात पडणारा कागद नीट बघा. मालक ऑनलाइन फॉर्म भरतो किंवा ठाण्यात अर्ज देतो. त्यात मालकाचं नाव, जागेचा पत्ता, भाडेकरूचा फोटो, मूळ गावचा पत्ता, ओळखपत्र, नोकरीचं ठिकाण, त्याला ओळखणाऱ्या एकदोघांची नावं आणि एजंट असेल तर त्याचा तपशील असतो. अर्जावर आवक क्रमांक पडतो, तारखेचा गोल शिक्का बसतो किंवा ऑनलाइन पोहोच मिळते. हा शिक्का म्हणतो की कागद मिळाला. कुरिअरवाल्याला आपण सही देतो तेव्हा पाकिटातला मजकूर खरा असल्याची हमी देत नाही, तसंच हे. फोटो त्याच माणसाचा आहे का, नांदेडच्या गावात त्याचं घर आहे का, त्याच्यावर गुन्हा आहे का, यातलं काहीही त्या क्षणी कुणी पाहिलेलं नसतं. तरीही नव्वद टक्के सोसायट्यांच्या फायलीत ‘व्हेरिफिकेशन झालं’ म्हणून लावलेला कागद हाच असतो. (नव्वद हा आकडा बोलण्यातला समजा, आपल्या सोसायटीची फाईल उघडून खरा मोजता येईल.)

याहून वेगळी गोष्ट म्हणजे चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र. त्यासाठी ज्याचं चारित्र्य तपासायचं तोच अर्ज करतो, शुल्क भरतो, कागदपत्रं दाखवतो आणि ठाण्याकडून चौकशी होऊन अहवाल जातो. या प्रमाणपत्रातली भाषाही मोजूनमापून असते. अमुक तारखेला, अमुक अभिलेखानुसार, या नावाच्या व्यक्तीविरुद्ध प्रतिकूल नोंद आढळली नाही, असा तिचा आशय. ‘नोंद आढळली नाही’ आणि ‘गुन्हा केलेला नाही’ या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, सगळा वाद त्यातच आहे.

हे अंतर किती मोठं? समजा, कोथरूडमधला एक मालक सव्वीस वर्षांच्या तरुणाला घर देतो. तो मूळचा नांदेड जिल्ह्यातला, हिंजवडीत नोकरी करणारा. शिक्षण लातूरला झालं, मध्ये दोन वर्षं हैदराबादला काढली. पोलिसांकडे शोधायला आहे काय? नाव, वडिलांचं नाव, वय आणि पत्ता. देशभरातली पोलीस ठाणी जोडणारी सीसीटीएनएस ही यंत्रणा २००९ साली मंजूर झाली आणि तिच्यामुळे दुसऱ्या राज्यातला गुन्हाही सापडू शकतो, हे खरं. पण शोध शेवटी अक्षरांचा असतो. आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. एफआयआर लिहिताना अंमलदाराने ऐकून लिहिलेलं नाव आणि आधारवरचं नाव जुळेलच असं नाही. उलट, नाव सर्रास आढळणारं असेल तर दुसऱ्याच कुणाची नोंद याच्या माथी बसते आणि ती आपली नाही हे सिद्ध करायला बिचाऱ्याला ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात. अटक झालेल्यांचे बोटांचे ठसे पोलिसांकडे असतात, ते जुळवले तर नावाचा घोळ सुटेल. पण भाडेकरूचे ठसे घेतले जात नाहीत आणि गुन्हेगारांची ओळख पटवण्याचा २०२२ चा कायदाही भाडेकरूंचे ठसे घेण्यासाठी केलेला नाही.

आता हाच शोध कामवाल्या बाईंसाठी घ्या. मराठी घरात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदललं जातं. म्हणजे चाळीस वर्षांच्या बाईंचं सासरचं नाव घालून शोध घेतला तर विसाव्या वर्षाआधीची त्यांची ओळख त्या शोधात येतच नाही. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही असतं असं नाही, बहुतेकींकडे नसतंच. मुद्दा इतकाच की ‘नोंद नाही’ हे उत्तर आपण त्यांच्या आयुष्याबद्दल समजतो आणि ते असतं एका नावाबद्दल.

नाव बदलून काय होतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण मुंबईनेच पाहिलंय. डेव्हिड हेडली मूळचा दाऊद गिलानी. हेरॉइनच्या तस्करीत अमेरिकेत दोनदा शिक्षा झालेला. २००६ साली त्याने अमेरिकेत कायदेशीर मार्गाने नाव बदललं, नव्या नावाचा पासपोर्ट घेतला आणि त्या पासपोर्टवर मुंबईत येऊन राहिला. ताडदेवला कार्यालय थाटलं आणि २६/११ च्या हल्ल्यासाठी ठिकाणांची पाहणी केली. त्याच्या घरमालकाने फॉर्म भरून दिला असता तर? फॉर्मवर डेव्हिड कोलमन हेडली हेच नाव असतं, पासपोर्ट खरा असता, फोटोही त्याचाच असता. ‘व्हेरिफिकेशन असतं तर २६/११ टळलं असतं’ असं सभेत ठणकावून सांगणाऱ्यांनी हे एकदा तपासून पाहावं. जाणूनबुजून तयारीने आलेला माणूस कागदाची तयारी आधी करतो.

आणि जी नोंद कायद्यानेच दाखवायची नाही तिचं काय? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार, बालकाचं प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी ती नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करायची नाही. ही तरतूद योग्यच आहे, सोळाव्या वर्षीची चूक तिसाव्या वर्षी घर मिळण्याच्या आड येऊ नये. पण याचा अर्थ असाही होतो की कोरा अहवाल कधीकधी कायद्याने कोरा ठेवलेला असतो. त्याखेरीज जी चोरी कुणी ठाण्यात नेलीच नाही, जो मालक ‘जाऊ दे, कटकट नको’ म्हणून गप्प बसला, त्याची नोंद कुठून येणार? शिवाय पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्या प्रत्येकाची पाटी आदल्या दिवशी कोरीच असते.

मालकाची खरी भीती तर आणखीनच निराळी असते. भाडं थकवेल का, अकरा महिने संपल्यावर जागा सोडेल का, दहा मुलं आणून ठेवेल का, स्वयंपाकघराचा ओटा फोडून जाईल का? हे सगळे दिवाणी मामले. भाडं थकवणाऱ्याची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्यात नसते. तीन घरमालकांना रडवून आलेल्या माणसाचा पोलीस अहवाल धुतल्या तांदळासारखा येऊ शकतो आणि त्यात पोलिसांची काहीच चूक नसते.

मग पहिल्या गटाच्या म्हणण्यात काहीच नाही का? आहे, आणि ते हलक्याने घेण्यासारखं नाही. घरात राहणारा नोकर दागिने घेऊन पळाला, तर त्याचा ताजा फोटो, गावचा पत्ता, चालू फोन नंबर आणि गावातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव, या चार गोष्टी तपास अधिकाऱ्याला पहिल्या तासातच लागतात. त्या नसतात तेव्हा मालक सांगतो, ‘राजू म्हणायचे त्याला, बिहारकडचा होता’, आणि तपास तिथेच थांबतो. दुसरं, फोटो आणि ओळखपत्र मागितल्यावर काही लोक आपणहून काढता पाय घेतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. तिसरं, उद्या त्या जागेत काही घडलं तर माहिती दिलेल्या मालकाची बाजू बळकट असते. हे तिन्ही मुद्दे मान्य. मात्र हे तिन्ही फायदे नोंदीचे आहेत, निर्दोषपणाच्या दाखल्याचे नाहीत. आणि नोंदीचा फायदा ती खरी आणि पूर्ण असेल तरच मिळतो. चारित्र्याच्या दाखल्याच्या नादात नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं.

कारण शिक्का मिळाला की काम झालं, अशी समजूत असली तर फॉर्म कसा भरला याला किंमत उरत नाही. एजंट वीस फॉर्म एका बैठकीत भरतो आणि भाडेकरूच्या फोनच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकतो. ओळखणाऱ्या दोन व्यक्ती म्हणून त्याच ऑफिसातली, आठवड्यापूर्वी भेटलेली मुलं लिहिली जातात. सगळ्यात हमखास होणारी चूक मूळ पत्त्याची. गॅस, बँक आणि सिमकार्डासाठी अनेकांनी आधारवरचा पत्ता बदलून शहरातला करून घेतलेला असतो. फॉर्म भरणारा तोच पत्ता ‘कायमचा पत्ता’ म्हणून उतरवतो, म्हणजे कायमचा पत्ता या रकान्यात माणसाने दीड वर्षापूर्वी सोडलेली भाड्याची खोली येते. पळालेल्याला शोधायला पोलीस तिथे गेले तर तिसराच भाडेकरू दार उघडणार. म्हणून आधार बघताना गाव, तालुका, जिल्हा आणि तिथे सध्या कोण राहतं, हे तोंडी विचारून वेगळं लिहावं. आई-वडिलांचा नंबर घेऊन त्याच्यासमोरच एकदा फोन लावावा. आधारची झेरॉक्स काहीच सिद्ध करत नाही, ती संगणकावर पाच मिनिटांत बदलता येते. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन केला तर मूळ नोंदीतलं नाव आणि फोटो दिसतो. आणि जुळलं तरी सिद्ध होते ती ओळख. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलेलं आहे.

यातला विरोधाभास असा की महाराष्ट्रात घरमालकाच्या हाती ओळख पटवण्याचं याहून भक्कम साधन आधीच आहे. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी होते तेव्हा दोन्ही पक्षांचा अंगठा यंत्रावर ठेवून आधारशी पडताळला जातो. समोर बसलेला माणूस तोच आहे, हे ठाण्यातल्या शिक्क्याने कळत नाही, या अंगठ्याने कळतं. तरी लोक नोंदणीचे पैसे वाचवायला पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून घेतात आणि मग पोलिसांच्या पोहोचेवर निर्धास्त झोपतात.

नोकराच्या भलेपणाचा कागद मागण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमध्ये घरकामगाराला आधीच्या मालकाचं ‘कॅरेक्टर’ दाखवल्याशिवाय काम मिळत नसे. साहजिकच खोटी पत्रं विकायला आली आणि १७९२ साली तिथल्या पार्लमेंटला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. त्या कायद्याने शिक्षा कशाला ठेवली ते पाहण्यासारखं आहे. मालक असल्याचं सोंग आणणं, नोकरीचा काळ खोटा सांगणं, पत्रात खाडाखोड करणं. म्हणजे ज्या गोष्टी तपासता येतात त्याच. नोकर प्रामाणिक आहे की नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. ही चिठ्ठीची रीत पुढे साहेबांच्या बंगल्यांतून आपल्याकडेही आली.

उलट वाटेने गेल्यावर काय होतं तेही आपल्याच मातीत घडलंय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून चारित्र्य ठरवलं. पुढे मुंबई इलाख्यातही पारधी, कैकाडी अशा जमातींना हजेरी आणि तारेच्या कुंपणातलं जगणं आलं, सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, हजेरी गेली. पण बाईंनी पत्ता म्हणून एखाद्या वस्तीचं नाव सांगितलं की सोसायटीच्या ऑफिसात भुवया उंचावतात आणि ‘यांचं व्हेरिफिकेशन जरा नीट करून घ्या’ असं कुणी तरी हळूच म्हणतं. दप्तरातली नोंद आणि मनातली नोंद यांची सरमिसळ होते ती अशी. दप्तरातली नोंद म्हणजे तरी काय? २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात कलम १८८ खाली लाखांच्या घरात गुन्हे नोंदले गेले, त्यात भाजी आणायला निघालेलेही होते. गुन्हा दाखल होणं, खटला चालणं आणि दोषी ठरणं या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. अहवालात ‘नोंद आहे’ असं आलं तर माणूस कुठल्या पायरीवर आहे, कलम कुठलं, निकाल काय लागला, हे विचारल्याशिवाय त्याला नाकारणं हा शुद्ध अन्याय आहे. (आणि हे ज्या आदेशाच्या जोरावर मागितलं जातं, तो मोडणाऱ्या मालकावरही हेच १८८ लागायचं.)

मग भरवसा ठेवायचा कशावर? वागणुकीबद्दल ज्याला खरंच माहीत आहे त्याला विचारण्यावर. भाडेकरूच्या आत्ताच्या घरमालकाला विचारून फारसं हाती लागत नाही, कारण त्याला तो माणूस जायलाच हवा असेल तर तो तोंडभरून कौतुक करील. त्याआधीच्या मालकाला विचारा, त्याचा आता काही स्वार्थ उरलेला नसतो. ‘माणूस कसा आहे’ असं मोघम न विचारता, भाडं कोणत्या तारखेला यायचं, अनामत रकमेतून काही कापावं लागलं का, जागा ठरल्या दिवशी सोडली का, हे विचारा. मागच्या सहा महिन्यांचं भाडं बँकेतून गेल्याच्या नोंदी मागा. बाईंच्या बाबतीत, त्या ज्या इतर घरी जातात त्यांपैकी एका घरी जाऊन किती वर्षं येतात आणि चावी देता का, एवढे दोन प्रश्न पुरतात. ज्या बाई चार घरी सात-आठ वर्षं चावीने कुलूप उघडून काम करतात, त्यांच्याबद्दल त्या चार घरांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच संगणकात नाही. अशा बाईंना पाचव्या घरासाठी अर्धा दिवस बुडवून ठाण्यात पाठवायचं आणि त्या दिवसाचे पैसेही कापायचे, हे कुठल्या सुरक्षिततेत बसतं?

त्यांच्या कागदांचंही एकदा बघा. कामवाल्या बायकांच्या आधारच्या झेरॉक्स, फोटो, फोन नंबर आणि घरचे पत्ते असलेली फाईल वॉचमनच्या केबिनमध्ये उघड्या फळीवर पडलेली असते. पोलिसांना द्यायची माहिती सोसायटीने साठवून ठेवायला आदेश सांगत नाही. पोहोचेचा क्रमांक आणि तारीख टिपून घेतली की सोसायटीचं काम झालं.

आणि एक रकाना सगळ्यांच्याच नजरेतून सुटतो. भाडेकरू आला की अर्ज जातो, गेला की कुणीच कळवत नाही. अकरा महिन्यांनी करार संपतो, नवा माणूस येतो, नवा अर्ज जातो आणि आधीचा त्या पत्त्यावर कागदोपत्री राहतच असतो. पाच वर्षं भाड्याने दिलेल्या एखाद्या वन बीएचकेमध्ये ठाण्याच्या दप्तरात चार-पाच जण एकाच वेळी नांदत असतात. घर सोडलेल्या माणसाचं नाव, सोडल्याची तारीख आणि पुढचा पत्ता, अशा तीन ओळी जुना आवक क्रमांक घालून त्याच ठाण्यात देता येतात. त्या दिल्या नाहीत, आणि वर्षभराने त्या माणसाच्या शोधात पोलीस आले, तर बेल वाजेल ती नव्या भाडेकरूच्या दाराची.